पीएच कॅल्क्युलेशनमध्ये एक, मीटरवर दुसराच: डिस्कशनमध्ये काय लिहायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी बफरचं प्रॅक्टिकल झालं की जर्नल तपासताना मला तेच एक वाक्य पन्नास वेळा वाचायला मिळतं, "मानवी चुका, तापमानातील बदल व उपकरणातील त्रुटी यांमुळे फरक आला असावा." पन्नास जणांच्या पन्नास वेगळ्या रीडिंगना एकच कारण कसं असेल हे कुणी विचारतच नाही. म्हणून मुलं जे प्रश्न सबमिशनच्या आदल्या दिवशी विचारतात ते इथे एकत्र केलेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, ॲसिटेट बफरचं, कारण बीएस्सीला ते जवळपास सगळेच करतात.

सेटअप असा. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड आणि ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, दोन्ही मिळून प्रत्येक वेळी ५० एमएल. पहिल्या बीकरमध्ये ॲसिड ४० आणि सॉल्ट १०, दुसऱ्यात २५-२५, तिसऱ्यात ॲसिड १० आणि सॉल्ट ४०. हेंडरसनच्या समीकरणाने पीएच येतो ४.१६, ४.७६ आणि ५.३६. मीटरवर समजा आलं ४.०८, ४.६४ आणि ५.२४. आता बोला.

फरक आला म्हणजे माझं प्रॅक्टिकल चुकलं का?

नाही, उलट या प्रॅक्टिकलमध्ये फरक यायलाच हवा. गंमत अशी आहे की आपण कॅल्क्युलेट केलेला आकडा म्हणजे "खरा" आणि मीटरवरचा म्हणजे "चुकीचा" असं धरून बसतो, पण हेंडरसनच्या समीकरणात आपण कॉन्सन्ट्रेशन टाकतो आणि काचेचं इलेक्ट्रोड कॉन्सन्ट्रेशन मोजतच नाही, ते हायड्रोजन आयनच्या ॲक्टिव्हिटीला प्रतिसाद देतं. सोरेनसनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत पीएच ही कल्पना मांडली तेव्हा ती कॉन्सन्ट्रेशनवरच होती, पुढे त्यानेच १९२४ मध्ये सहकाऱ्यासोबत ती ॲक्टिव्हिटीवर नेली. म्हणजे मीटर आजच्या व्याख्येप्रमाणे बोलतंय आणि आपला कॅल्क्युलेशनचा कागद जुन्या व्याख्येप्रमाणे. दोघांत फरक पडला तर आधी कागदाकडे बघा, मग मीटरकडे.

मग डिस्कशनचं पहिलं वाक्य काय लिहू?

फरकाचा आकडा, चिन्हासकट. "फरक आढळला" हे वाक्य नाहीच, ते रिकामं पातेलं आहे. मोजलेल्यातून काढलेला वजा करा: आपल्या उदाहरणात −०.०८, −०.१२, −०.१२. तिन्ही वजा आहेत, म्हणजे मीटर प्रत्येक वेळी खालीच दाखवतंय. ही एवढी एकच गोष्ट लिहिली तरी अर्धं काम झालं, कारण "रँडम एरर" हे कारण इथेच बाद होतं, रँडम असतं तर एखादं तरी वर गेलं असतं ना. (तीनच रीडिंग आहेत हे मान्य, तिन्ही योगायोगाने एका बाजूला पडू शकतात, म्हणून प्रत्येक बीकरचं रीडिंग दोन-तीनदा घ्या असं मी सांगत असतो आणि कुणी घेत नाही.)

त्याच्या लगेच खाली रीडिंगवर किती भरवसा आहे ते सांगा. मीटर दोन दशांश दाखवतं म्हणजे दुसऱ्या दशांशापर्यंत अचूक आहे असं नाही. कॅलिब्रेशनच्या बफरमध्येच साधारण ०.०१ ते ०.०२ ची अनिश्चितता असते, त्यामुळे कॉलेजच्या मीटरला ±०.०२ किंवा ०.०३ धरणं योग्य. याचा अर्थ ०.१२ चा फरक खरा आहे, त्याला कारण द्यावंच लागेल. ०.०२ चा फरक असता तर "मोजमापाच्या मर्यादेत जुळतं" म्हणून पुढे जायचं होतं, तिथे कारणं शोधत बसणं म्हणजे नसलेल्या रोगाला औषध.

परसेंट एरर काढू का? सरांनी सगळ्या प्रॅक्टिकलला काढायला सांगितलंय

सांगितलं असेल तर काढा बाबा, मार्कांचा प्रश्न आहे, पण त्यावर डिस्कशन उभं करू नका. ४.७६ ऐवजी ४.६४ म्हणजे २.५ टक्के, ऐकायला किती छान वाटतं. पण पीएच हा लॉग आहे. ०.१२ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनमध्ये १० चा ०.१२ घात, म्हणजे १.३२ पट, साधारण ३२ टक्के जास्त. आणि अजून एक, हाच ०.१२ चा फरक पीएच १० ला आला असता तर परसेंट एरर १.२ टक्के झाला असता, चूक तेवढीच, टक्केवारी निम्मी. म्हणून पीएचच्या युनिटमध्येच फरक लिहा आणि हवं तर कंसात हायड्रोजन आयनचा पट द्या.

ॲक्टिव्हिटीमुळे फरक येतो हे लिहिलं, पण तो किती येतो हे कसं काढायचं?

हाच या सगळ्याचा गाभा आहे. ॲक्टिव्हिटी कोइफिशियंट अंदाजाने काढता येतो, डेव्हिसचं समीकरण वापरा:

```
log γ = -0.51 z² ( √I/(1+√I) - 0.3 I )
pH = pKa + log([A-]/[HA]) + log γ
```

I म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ, z म्हणजे आयनवरचा चार्ज. दुसऱ्या ओळीतला γ ॲसिटेट आयनचा आहे. ॲसेटिक ॲसिडच्या रेणूवर चार्ज नाही, त्याचा γ साधारण १ धरतात.

आता दुसरा बीकर घ्या, २५-२५ वाला. मिसळल्यावर ॲसिटेट ०.०५ मोलर झालं, सोडियमही ०.०५, ॲसिडमधून सुटणारे आयन यांच्यापुढे अगदीच किरकोळ, त्यामुळे आयनिक स्ट्रेंग्थ ०.०५. वर्गमूळ ०.२२४, भागिले १.२२४ म्हणजे ०.१८३, त्यातून ०.०१५ वजा केले की ०.१६८, गुणिले ०.५१ म्हणजे ०.०८५ किंवा ०.०८६. लॉग γ झाला −०.०८५ च्या आसपास, γ म्हणजे ०.८२. ४.७६ मधून ०.०८५ वजा करा, ४.६७ येतो. मीटर म्हणत होतं ४.६४. बघा, ०.१२ चा फरक ०.०३ वर आला, आणि कुणालाही दोष न देता.

बाकीचे दोन पण करून बघा, अवघड नाही. पहिल्या बीकरमध्ये ॲसिटेट फक्त ०.०२ मोलर आहे तर दुरुस्ती −०.०६ येते, तिसऱ्यात ०.०८ मोलर आहे तर −०.१०. म्हणजे नवीन अपेक्षित पीएच झाले ४.१०, ४.६७, ५.२६. मोजलेले ४.०८, ४.६४, ५.२४. उरलेला फरक −०.०२, −०.०३, −०.०२.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सॉल्ट वाढलं तशी दुरुस्ती वाढली, ०.०६ वरून ०.१० वर. आपला मूळ फरकही पहिल्या बीकरमध्ये कमी होता (०.०८) आणि पुढच्या दोघांत जास्त (०.१२). हा जो कल जुळतोय तोच तुमचा पुरावा आहे. एकाच रीडिंगवरून "ॲक्टिव्हिटीमुळे" म्हणणं हा अंदाज झाला, तीन रीडिंगचा कल दाखवून म्हणणं हे डिस्कशन झालं. अर्थात ०.०४ चा कल आणि ±०.०२ ची अनिश्चितता, त्यामुळे "सिद्ध होते" लिहू नका, "सुसंगत आहे" लिहा.

समीकरण लिहिलं तरी व्हायवाला विचारतात "पीएच कमीच का झाला, जास्त का नाही?" काय सांगू?

चित्र डोळ्यापुढे आणा. पाण्यात ॲसिटेट आयन एकटा फिरत नाही, त्याच्या आजूबाजूला सोडियम आयनची जरा जास्त गर्दी असते, कारण विरुद्ध चार्ज ओढतात. या गर्दीमुळे ॲसिटेटला थोडं स्थैर्य मिळतं. मग ॲसेटिक ॲसिडला वाटतं की आपण तुटून ॲसिटेट झालेलं परवडतं, ते आयडियल हिशोबापेक्षा थोडं जास्त तुटतं, हायड्रोजन आयन थोडे जास्त सुटतात, पीएच खाली येतो. चार्ज नसलेल्या ॲसिडच्या रेणूला या गर्दीचं विशेष काही नसतं. एवढं तोंडाने नीट सांगता आलं तर समीकरण विसरलं तरी चालतं, निदान मी तरी मार्क कापत नाही.

"कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे पीएच कमी झाला" हे लिहिलं तर? दिशा तर बरोबर आहे

दिशा बरोबर, आकार चूक. प्रत्येक कारणाला हे दोन्ही प्रश्न विचारायचे: पीएच कुठल्या बाजूला ढकलेल, आणि किती. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साधारण १.४ गुणिले १० चा −५ घात मोलर एवढाच विरघळतो. आपल्या बीकरमध्ये ॲसिटेट ०.०५ मोलर आहे, म्हणजे साडेतीन हजार पट. एवढ्या बफरला तेवढ्या कार्बन डायऑक्साइडने हलवणं म्हणजे हत्तीला फुंकर मारणं.

पण हेच कारण डिस्टिल्ड वॉटरला एकदम फिट बसतं. डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ७ न येता ५.६ च्या आसपास येतो तो याच्यामुळेच, कारण तिथे अडवायला बफर नाही. अगदी पातळ एनएओएचलाही हे लागू. म्हणजे कारण चांगलं की वाईट असं नसतं, कुठल्या बीकरला लावताय त्यावर आहे.

तापमानाचंही तसंच. ॲसेटिक ॲसिडचा पीकेए २५ अंशांवरून ३० वर गेला तर तिसऱ्या दशांशात हलतो, मीटरला तो दिसतच नाही. त्यामुळे ॲसिटेट बफरच्या रिपोर्टमध्ये "मे महिन्यात लॅबचं तापमान जास्त होतं" याला काही अर्थ नाही. ट्रिस बफर असता तर गोष्ट वेगळी, त्याचा पीकेए दर अंशाला ०.०२८ ने उतरतो, ५ अंशांत ०.१४. बायोटेकवाले, हे तुमच्यासाठी.

मोजताना झालेल्या चुका लिहायच्याच नाहीत का मग? पिपेटने घेताना थोडं इकडेतिकडे झालं होतं

लिहा, पण आधी हिशोब करा की तेवढ्याने काय होतं. समजा २५ एमएल ऐवजी मेजरिंग सिलिंडरने २५.५ घेतलं. गुणोत्तर २ टक्क्यांनी बदललं, लॉग घेतला की ०.००९. पीएच दुसऱ्या दशांशात एक अंकाने हलला, बस. उलट्या बाजूने विचारा, नुसत्या व्हॉल्यूमच्या चुकीने ०.१२ चा फरक यायला किती चुकावं लागेल? गुणोत्तर ०.७६ व्हायला हवं, म्हणजे सॉल्ट २५ ऐवजी १९ एमएल घेतलेलं हवं. एवढं चुकलो असतो तर कळलं असतं ना राव. हा उलटा हिशोब मला फार आवडतो, दोन ओळीत एक कारण कायमचं निकाली निघतं.

वजनाची चूक मात्र खरंच मोठी असू शकते आणि ती वारंवार होते. सोडियम ॲसिटेट दोन प्रकारात मिळतं, ॲनहायड्रस (मोलर मास ८२.०३) आणि ट्रायहायड्रेट (१३६.०८). कपाटातली बाटली ट्रायहायड्रेटची आणि हिशोब ॲनहायड्रसचा केला, लिटरला ८.२ ग्रॅम घेतले, तर सोल्युशन ०.१ मोलर न होता ०.०६ मोलर होतं. पीएच ०.२२ ने खाली. उलटं झालं, म्हणजे बाटली ॲनहायड्रसची आणि १३.६ ग्रॅम घेतले, तर ०.२२ ने वर. एका बॅचला आमच्याकडे सगळ्यांचेच पीएच पाव युनिटहून जास्त खाली आले होते, मुलं बिचारी इलेक्ट्रोडला शिव्या देत होती, शेवटी बाटलीचं लेबल वाचलं तेव्हा उलगडा झाला. आणि हो, स्टॉक सोल्युशन मीच करून ठेवलं होतं.

ही चूक ओळखायची कशी? स्टॉकच चुकलाय तर प्रत्येक बीकरमध्ये सॉल्ट त्याच पटीने कमी पडणार, म्हणून वजनाच्या चुकीचा वाटा सगळीकडे सारखा येतो, लॉगमध्ये एक ठरलेला आकडा वजा. ॲक्टिव्हिटीचा वाटा सॉल्टबरोबर वाढतो. ॲसिड स्टँडर्डाइज केलं नसेल तर तेही असंच वागतं: ॲसिड खरं ०.११ मोलर निघालं तर सगळीकडे −०.०४.

मीटरवर शंका घ्यायची तर कशी घ्यायची?

नुसतं "उपकरणातील त्रुटी" लिहून नाही. मीटरच्या चुका दोन जातीच्या असतात आणि दोन्हीचा ठसा वेगळा उमटतो.

एक म्हणजे ऑफसेट, सगळी रीडिंग सारखीच वर किंवा खाली. दुसरी म्हणजे स्लोप. नवीन इलेक्ट्रोड २५ अंशांना प्रत्येक पीएच युनिटमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतं, जुनं झालं, सुकलं, बल्बवर काहीतरी चढलं की कमी देतं. समजा आपलं इलेक्ट्रोड ९२ टक्केच देतंय आणि कॅलिब्रेशन घाईघाईत फक्त ७ च्या बफरने केलंय (घाई नेहमीचीच, पुढची बॅच दारात उभी असते). मग मीटर ७ पासूनचं प्रत्येक अंतर ८ टक्क्यांनी कमी दाखवणार. खरा पीएच ४.६७ असेल तर ७ पासून अंतर २.३३, त्याचे ९२ टक्के २.१४, मीटरवर दिसणार ४.८६. म्हणजे जवळजवळ ०.२ ने वर! पहिल्या बीकरमध्ये चूक अजून मोठी, तिसऱ्यात लहान, कारण तो ७ च्या जवळ आहे.

लक्षात आलं का, मरगळलेलं इलेक्ट्रोड रीडिंगला ७ कडे ओढतं. आपली रीडिंग खाली आलीत, म्हणून "इलेक्ट्रोडचा स्लोप कमी असल्यामुळे" हे कारण आपल्या डेटाशी उलट जातं. हे वाक्य कारण म्हणून लिहिलं तर चूक, पण "स्लोप कमी असता तर रीडिंग वर गेली असती, म्हणून ते कारण संभवत नाही" असं लिहिलं तर पूर्ण मार्क. कारण नाकारणं हेही डिस्कशनच आहे.

त्यामुळे प्रॅक्टिकल संपताना मीटर बंद करायच्या आधी इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा ४.०१ च्या बफरमध्ये बुडवा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. एक मिनिटाचं काम आहे. आपल्या उदाहरणात समजा ३.९८ आलं, म्हणजे मीटर ०.०३ खाली सरकलंय. आणि आपला उरलेला फरक किती होता? −०.०२, −०.०३, −०.०२. जुळलं की नाही.

फॉस्फेट बफरला माझा फरक ०.३ आला, हे तर नक्कीच चुकलं असेल?

नाही हो! फॉस्फेटमध्ये एवढा यायलाच पाहिजे. आणि याचा पुरावा तुमच्या समोरच्या कॅलिब्रेशनच्या बाटलीत आहे. मीटर सेट करायला ६.८६ चा जो बफर वापरतात तो काय असतो? पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, दोन्ही ०.०२५ मोलल, म्हणजे एकास एक. हेंडरसनला विचारलं तर तो म्हणेल गुणोत्तर १, लॉग शून्य, पीएच म्हणजे पीकेए, ७.२०. पण तो बफर आहे ६.८६. ज्या बाटलीवर विश्वास ठेवून आपण मीटर लावतो तीच हेंडरसनपेक्षा ०.३४ ने खाली आहे!

एवढा मोठा फरक का? कारण डेव्हिसच्या समीकरणात चार्जचा वर्ग आहे. इथे एका आयनवर एक चार्ज, दुसऱ्यावर दोन, दोनचा वर्ग चार, त्यातून एक गेला, तीनपट परिणाम उरला. आयनिक स्ट्रेंग्थ ०.१ येते, एकेरी चार्जच्या आयनसाठी लॉग γ −०.१०७, गुणिले तीन म्हणजे −०.३२, पीएच ६.८८. खऱ्या ६.८६ च्या अगदी जवळ. राहिलेले ०.०२ हे डेव्हिसचं समीकरण अंदाजाचं आहे म्हणून, तेवढं त्याला माफ.

एका पुस्तकात फॉस्फेटचा पीकेए ७.२० आहे आणि दुसऱ्यात ६.८. कुठला घेऊ?

दोन्ही बरोबर आहेत, पण एकच वापरा. ७.२० हा अतिशय पातळ सोल्युशनचा, थर्मोडायनामिक. ६.८ च्या आसपासचा जो बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकांत येतो त्यात नेहमीच्या सोल्युशनमधल्या ॲक्टिव्हिटीचा परिणाम आधीच मुरवलेला असतो. ६.८ घेऊन वर पुन्हा γ ची दुरुस्ती केली तर मीठ दोनदा पडलं. रिपोर्टमध्ये पीकेए कुठला घेतला ते एका वाक्यात सांगून टाका.

ॲक्टिव्हिटीच कारणीभूत आहे हे लॅबमध्येच तपासायची काही सोपी युक्ती?

आहे. तोच बफर दहापट डायल्यूट करा, ५ एमएल घेऊन ५० करा, आणि पुन्हा मोजा. हेंडरसनच्या मते काहीच बदलायला नको, गुणोत्तर तेच आहे. पण आयनिक स्ट्रेंग्थ ०.०५ वरून ०.००५ होते, दुरुस्ती −०.०८५ वरून −०.०३ वर येते, म्हणजे पीएच ४.६७ वरून ४.७३ ला चढला पाहिजे. कॅल्क्युलेटेड आकड्याकडे सरकला तर ॲक्टिव्हिटी. स्टॉक चुकलाय किंवा मीटरला ऑफसेट आहे तर त्यांचा वाटा डायल्यूट करूनही हलणार नाही.

०.०५-०.०६ चा बदल कॉलेजच्या मीटरवर जेमतेम दिसतो, म्हणून ही युक्ती फॉस्फेटवर जास्त खुलते, तिथे तोच प्रयोग केला तर साधारण ०.१९ ने चढतो. पाणी घालून पीएच वाढतोय हे बघून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

माझं रीडिंग बरोब्बर ४.७६ आलं. मला डिस्कशन नाही ना लिहायचं?

तुम्हालाच जास्त लिहायचंय. ०.०५ मोलर ॲसिटेटला ४.६७ यायला हवा, ४.७६ आला म्हणजे कुठेतरी ०.०९ वर ढकलणारं काहीतरी आहे आणि दोन चुकांनी एकमेकांना झाकलंय. शेवटच्या ४.०१ च्या तपासणीत काय आलं ते बघा. आणि रीडिंग आतून "जुळवून" लिहिलं असेल तर मी विचारत नाही, फक्त एवढं सांगतो की तिन्ही बीकर हेंडरसनशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले की तपासणाऱ्याच्या भुवया आपोआप वर जातात.

एक नमुना द्या ना, कॉपी नाही करणार

करणार आहात, माहितीये. म्हणून आकडे आपल्या उदाहरणाचेच ठेवलेत, तुमच्या आकड्यांना हे वाक्य बसणार नाही:

"तिन्ही मिश्रणांचा मोजलेला पीएच काढलेल्यापेक्षा अनुक्रमे ०.०८, ०.१२ आणि ०.१२ ने कमी आला. मीटरची अनिश्चितता ±०.०२ धरल्यास हा फरक मोजमापाच्या मर्यादेबाहेर आहे. हेंडरसन समीकरणात कॉन्सन्ट्रेशन वापरले आहे, तर इलेक्ट्रोड ॲक्टिव्हिटीला प्रतिसाद देते. डेव्हिस समीकरणाने ॲसिटेट आयनसाठी दुरुस्ती केल्यावर अपेक्षित पीएच ४.१०, ४.६७ व ५.२६ येतो आणि फरक ०.०२ ते ०.०३ इतका उरतो. मूळ फरक कमी सॉल्टच्या मिश्रणात लहान आहे, हेही या कारणाशी सुसंगत आहे. शेवटी ४.०१ च्या बफरचे रीडिंग ३.९८ आले, त्यामुळे उरलेला फरक मीटर सरकल्याने आला असावा. व्हॉल्यूममधील २ टक्के चुकीने पीएच फक्त ०.०१ ने बदलतो, म्हणून ते मुख्य कारण नाही."

सात वाक्यं. पान भरायची गरज नाही. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असेल तर हाच क्रम ठेवा.

सगळी दुरुस्ती करूनही ०.१ चा फरक उरला आणि कारण सापडत नाहीये

मग तसंच लिहा: "०.१० चा फरक स्पष्ट झाला नाही." सोबत काय काय तपासून बाद केलं ते लिहा आणि पुढे कुठलं एक मोजमाप केलं असतं तर उलगडा झाला असता ते लिहा. ॲसिडचं एनएओएचशी टायट्रेशन, किंवा सॉल्टच्या बाटलीचं लेबल पाहणं, किंवा दुसऱ्या इलेक्ट्रोडवर तेच बीकर. ओढूनताणून चार कारणं जोडण्यापेक्षा हे मला कधीही चालतं.

प्रॅक्टिकल होऊन गेलं, शेवटची ४.०१ ची तपासणी केलीच नव्हती. आता काय?

आता मीटरच्या ऑफसेटबद्दल खात्रीने काही म्हणता येणार नाही, तेवढं मान्य करा. ॲक्टिव्हिटीचा हिशोब मात्र घरी बसूनही होतो, त्याला फक्त कॉन्सन्ट्रेशन लागतात. तो करा, उरलेला फरक लिहा, आणि कॅलिब्रेशन कुठल्या दोन बफरने केलं होतं ते वहीत सापडलं तर तेही. नसेल सापडत तर ज्याच्यासोबत मीटर वापरलं त्या पार्टनरला फोन लावा, त्याच्या वहीत असतं.